झड उघडली तरी सेट-टॉप बॉक्सवर नो सिग्नल. स्ट्रेंथ दिसते, क्वालिटी शून्य

धुऱ्यावरचा_बाभूळ (आर्णी, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्याकडं तीन दिवस झड होती, बुधवारच्या रात्री तं आभाळच फाटलं, लाइट गेली ते सकाळी आली आणि तेव्हापासून टीव्हीवर नुसतं No Signal. मले वाटलं पाऊस उघडला की येईल आपोआप, दरवर्षी येते, पण आता दोन दिवस झाले कडक ऊन पडून राह्यलं तरी काहीच नाही. फ्री डिशचा साधा बॉक्स आहे. छत्री टिनावर, तिथून वायर वळचणीखालून भिंतीच्या भोकातून घरात. बॉक्स पाच-सहा वेळा बंद-चालू करून पाह्यला, मेनूत जाऊन पाह्यलं तं स्ट्रेंथ ५४ आणि क्वालिटी ०. तालुक्याचा दुकानदार म्हणते छत्रीपुढच्या दांड्यावरची एलएनबी गेली, नवी घेऊन जा. घ्यायला काही नाही पण मागच्या वर्षी पण हेच म्हणून बदलवली होती, दरवर्षी एलएनबी जाते का कुठं? आबांचं बाजारभाव आणि बातम्या बंद आहेत, म्हणून दिवसभर माझ्याच मागं आहेत.

---

कापूसकोंडा

भाऊ रिचार्ज पाहून घ्या आधी. माझं पण असंच झालं होतं, कंपनीले फोन लावला, त्यानं तिकडून रिफ्रेश मारला, बॉक्समधलं कार्ड काढून कपड्यानं पुसून परत टाकलं, दहा मिनिटात चालू.

---

धुऱ्यावरचा_बाभूळ

कापूसकोंडा भाऊ, फ्री डिश आहे बाप्पा. रिचार्जच नसते त्याले, कार्ड पण नाही.

---

कापूसकोंडा

अरे हो की. वाचलंच नाही नीट. पण मग कंपनीवाल्याले तरी विचारून पाहा.

---

वानरसेना_वर्धा

कंपनी कुठली आली त्यात, दूरदर्शनचं आहे ते. बाभूळ भाऊ, सोप्पं आहे. स्ट्रेंथ ५४ येते म्हणजे वायर बरोबर, एलएनबी पण बरोबर, नाही तं काहीच आलं नसतं. छत्री हलली तुमची. आमच्याकडं वानरं टिनावरून उड्या मारतात, महिन्यातून एकदा छत्री सरळ करावीच लागते. मोबाईलमधलं होकायंत्र लावा, आग्नेय दिशा पकडा, घरातल्या माणसाले टीव्हीपुढं बसवा आणि थोडी थोडी सरकवत राहा, क्वालिटी उठली की नट आवळून टाका. अर्ध्या तासाचं काम.

---

तारवाला_काका (उमरखेडकडचा)

बाभूळ, छत्रीले हात नको लावू अजून. वानरसेना, तुझी आग्नेय दिशा बरोबर आहे, पण स्ट्रेंथचा अर्थ तू उलटा लावला. मी २००६-०७ पासून छत्र्या बसवून राह्यलो, अर्ध्या लोकाईनं चांगली बसलेली छत्री अशीच सरकवून ठेवलेली पाह्यली, मग जे एका जागी बिघडलं होतं ते दोन जागी बिघडते आणि माणूस दिवसभर टिनावर.

स्ट्रेंथ म्हणजे वायरीतून बॉक्सपर्यंत एकूण किती गलका येऊन राह्यला तेवढंच. बैलबाजारात उभं राह्यलं तं आवाज मोप येते, पण आपला माणूस काय बोलून राह्यला ते समजते का? ते समजणं म्हणजे क्वालिटी. एलएनबीले नुसता करंट भेटला तरी ती स्वतःचाच गलका खाली पाठवते, छत्री आभाळाकडं नाही तं वावराकडं केली तरी स्ट्रेंथ काही ना काही दिसतेच. म्हणून ५४ वरून एवढंच समजते की एलएनबी ठार मेलेली नाही. छत्री बरोबर का चूक, वायर सुकी का ओली, ते नाही समजत.

आणि हे आकडे एका बॉक्सचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. माझ्याकडच्या एका बॉक्सले चांगलं चित्र असताना ६५ दाखवते, दुसरा ९० दाखवते. चालू होता तेव्हा तुझा किती दाखवत होता माहीत आहे का? नसेल, कोणालेच नसते.

आता एक काम कर. मेनूत जिथं फ्रिक्वेन्सीची यादी दिसते तिथं जा आणि दोन-तीन वेगवेगळ्या ओळीवर स्ट्रेंथ-क्वालिटी लिहून घे. एक खालची, ११०९० च्या आसपास, आणि एक वरची, ११६३० च्या आसपास. एकदा दुपारी उन्हात आणि एकदा रात्री जेवण झाल्यावर. वर चढायची काही गरज नाही अजून.

---

सून_अकोल्याची

काका मध्येच विचारते, माफ करा. मी अकोल्यात, सासू-सासरे बाळापूरजवळ गावात. तिकडेही पावसानंतर टीव्ही गेला, फ्री डिशच आहे. शेजारच्या पोरानं सांगितलं फॅक्टरी रिसेट मारा, मामंजींनी मारला, आता तर एक पण चॅनेल नाही यादीत, आणि काल दिवसभर सर्च केलं तरी शून्य चॅनेल सापडतात. पाऊस थांबलाय तिकडे. मी फोनवरून सांगतेय, त्यांना मेनू वाचून दाखवायलाच दहा मिनिटं लागतात आणि आत्या मागून ओरडतात की सगळं बिघडवून ठेवलं.

---

तारवाला_काका

ताई, त्या पोरानं सगळ्यात वाईट सल्ला दिला. सिग्नल नसताना फॅक्टरी रिसेट म्हणजे विहिरीत पाणी नाही म्हणून दोर कापून टाकणं. चॅनेलची यादी गेली आणि त्याच्यासोबत एलएनबीची सेटिंग पण गेली. मामंजींले एवढंच पाहायले सांगा, इन्स्टॉलेशनच्या पानावर एलएनबी फ्रिक्वेन्सीसमोर कोणता आकडा आहे. असं पाहिजे:

```
LNB Freq : 09750/10600
22K      : Auto
TP       : 11090 V 29500
```

तिथं 05150 दिसत असेल तं तो मोठ्या जाळीच्या छत्रीचा आकडा आहे, त्याच्यावर जन्मभर सर्च केलं तरी शून्यच. काही बॉक्स रिसेटनंतर तिथंच जाऊन बसतात. रिमोटच्या डाव्या-उजव्या बटनानं बदलते. सॅटेलाइट जीसॅट-१५ निवडा, नाव नसेल तं ९३.५ पूर्व लिहिलेलं असेल ते. आणि क्वालिटी उठेपर्यंत सर्च दाबायचंच नाही.

---

सून_अकोल्याची

काका!!! 05150 च होतं. बदलल्याबरोबर क्वालिटी ६० च्या वर गेली म्हणे, आता सर्च चालू आहे. म्हणजे पाऊस थांबल्यावर ते आपोआप आलंच असतं आणि रिसेटनंच घालवलं?

---

तारवाला_काका

हाव, तसंच. मोठ्या पावसात सिग्नल जाणं हा काही बिघाडच नाही. हे छोट्या छत्रीवालं प्रसारण ज्या फ्रिक्वेन्सीवर येते ती पाण्याच्या थेंबात विरून जाते, काळा ढग आग्नेयेले उभा राह्यला तं आपल्या डोक्यावर ऊन असतानाही चित्र जाऊ शकते, कारण सॅटेलाइट आपल्याकडून तिकडंच आहे. पाचदहा मिनिटं, लय झालं तं अर्धापाऊण तास. पाऊस उघडला, छत्रीवरचं, एलएनबीच्या तोंडावरचं पाणी निथळलं, की आलंच पाहिजे. नाही आलं तंच बाकीचं पाहायचं.

---

लाइनवाला_हिंगणघाट

आमच्या इथं तं छत्रीच नाही, केबल आहे, आणि पाऊस आला की आख्खी गल्ली बंद. आमच्या केबलवाल्याले फोन केला की तो म्हणते तुमच्या बॉक्सचा प्रॉब्लेम. बॉक्स रिसेट करा म्हणते. रिसेट कसा करायचा काका?

---

तारवाला_काका

गल्लीतल्या सगळ्याईचं एकदम गेलं तं तुझ्या बॉक्सचा काय संबंध. केबलच्या लाइनीत खांबावर जागोजागी अँप्लिफायर राहतात, त्यायले लाइट लागते. तुमच्या घरी लाइट असेल पण त्या खांबाच्या डीपीवर नसेल तं पुढची सगळी लाइन मेली. तू काहीच करू नको, शेजाऱ्याचं चालू आहे का एवढं विचारत जा.

रिसेट म्हणशील तं रिमोटच्या लाल बटनानं बॉक्स बंद होत नाही, तो झोपते फक्त. भिंतीवरचं बटन बंद करायचं, मिनिटभर थांबायचं, वायर हातानं घट्ट करायची, मग बटन चालू. हाच रिसेट. मेनूमधला फॅक्टरी डिफॉल्ट वेगळा, तो क्वालिटी चांगली असून चॅनेल गडबडले असतील तंच, आणि तो पण सेटिंगच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून मग.

---

धुऱ्यावरचा_बाभूळ

काका आकडे घेतले. मजा पाहा.

काल दुपारी दीड वाजता, कडक ऊन: ११०९० वर स्ट्रेंथ ६१ क्वालिटी ३८, आणि ११६३० वर स्ट्रेंथ ५४ क्वालिटी ०.
काल रात्री साडेनऊ, दव पडल्यासारखं होतं: ११०९० वर स्ट्रेंथ ५५ क्वालिटी कधी १२ कधी ०, ११६३० वर शून्य.

म्हणजे सगळे चॅनेल गेलेच नव्हते! आबांचं जे बातम्याचं चॅनेल लावून ठेवलेलं असते ते गेलं, तेवढंच पाहून आम्ही दोन दिवस टीव्ही बंद ठेवला. दुपारी दुसरे आठ-दहा चॅनेल चांगले लागले, मधूनमधून चौकटी चौकटी होऊन अटकतात पण लागतात.

---

तारवाला_काका

आता बोललं लेका तुझं घर. दुपारी वाढते, रात्री पडते, म्हणजे कुठंतरी ओल आहे, उन्हानं थोडी सुकते आणि रात्री परत येते. छत्री हलली असती तं ती दुपारी सरळ आणि रात्री वाकडी थोडीच होते.

दुसरी गोष्ट, वरचे चॅनेल आधी गेले, खालचे टिकले. एलएनबी आभाळातली फ्रिक्वेन्सी जशीच्या तशी खाली नाही पाठवत, त्यातून ९७५० वजा करून पाठवते. म्हणजे ११०९० चे वायरीतून १३४० जाते आणि ११६३० चे १८८०. वायर जेवढी ओली तेवढा वरच्या आकड्याले जास्त मार. सुक्या वायरीत पण वरचा जास्त खपते, पण एवढा फरक नसते. माझा अंदाज, वरच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं.

वर जाण्याआधी ऐक. बॉक्सचं भिंतीवरचं बटन बंद, आणि पिन पण काढून ठेव, कारण बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीले १३-१८ व्होल्ट देते, चालू वायर काढताना जाळीचा धागा मधल्या तारेले लागला तं शॉर्ट होऊन बॉक्सचा भाग उडते. टिन सुकी असताना जा, रबरी चप्पल, वरून विजेची सर्व्हिस वायर गेली असेल तं तिच्यापासून लांब, आणि एकट्यानं नको. आभाळात गडगडून राह्यलं तं जाऊच नको.

एलएनबीवरून कनेक्टर फिरवून काढ. मधली तार तांब्यासारखी चमकत असेल तं ठीक, काळी नाही तं हिरवट झाली असेल तं तिथंच चोर आहे. मग साल सोलत मागं जा, पांढऱ्या फेसाच्या भोवतीची जाळी जिथपर्यंत काळी दिसते तिथपर्यंत कापून टाक, ती जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते, दोन इंच कापून भागत नाही. नवा कनेक्टर लावताना जाळीचा एक पण धागा मधल्या तारेले नको, आणि मधली तार नटाच्या तोंडातून तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याइतकी बाहेर राहू दे. कमी राह्यली तं आत टेकत नाही.

---

वानरसेना_वर्धा

काका मानलं, पण एक सांगा. छत्री थोडीशी हलली असेल तरी कमजोर चॅनेल आधी जातात आणि जोरदार टिकतात, असं मी स्वतः पाह्यलं. मग आकड्यावरून वायरच कशी काय ठरली?

---

तारवाला_काका

बरोबर विचारलं. नुसत्या वरच्या-खालच्या चॅनेलवरून ठरत नाही, दिवस-रात्रीच्या फरकावरून मी म्हटलं. तरी शंभर टक्के नाही. एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिक उन्हानं तडकून आत पाणी गेलं तरी असंच दिसते. वर गेला की ते झाकण पण पाह्यजो बाभूळ, तडा असेल तं दुकानदार खरा आणि मी खोटा.

---

धुऱ्यावरचा_बाभूळ

गेलतो आज सकाळी, भाचा शिडी धरून. झाकणाले तडा नाही, एलएनबी वरून नवीकोरी. पण कनेक्टर काढला आणि नटातून सरळ पाण्याचा थेंब माझ्या अंगठ्यावर पडला! चौथ्या दिवशी! मधली तार कोळशासारखी, नखानं खरवडली तं आतून लोखंडासारखी राखाडी निघाली, वरचा तांब्याचा मुलामा गेलेला. मागच्या वर्षीच्या मिस्त्रीनं नुसती काळी टेप गुंडाळली होती, ती उन्हानं सुटून खाली झालर झाली होती. साल सोलत गेलो तं हातभर जाळी काळी. सगळी कापली, नवा कनेक्टर लावला.

खाली येऊन लावलं: ११०९० वर ७४ आणि ५९, ११६३० वर ६६ आणि ३१. आबा खुश. पण रात्री परत ११६३० ची क्वालिटी १५ वर येऊन अटकून राह्यली. आता काय?

---

तारवाला_काका

मध्ये जोड आहे का कुठं? वायर एकसंध आहे का?

---

धुऱ्यावरचा_बाभूळ

आहे ना काका, विसरलोच होतो! टिन वाढवली तेव्हा वायर अपुरी पडली म्हणून वळचणीखाली दोन तुकडे जोडले होते, प्लास्टिकच्या पन्नीत बांधून. पन्नी सोडली तं आत डबकं. वरून पाणी येते वायरीवरून घरंगळत आणि बरोबर पन्नीत जमा होते, बाहेर जायले वाट नाही.

---

तारवाला_काका

पन्नी म्हणजे पाण्याचं माठच ते. जोड काढून टाक, छत्रीपासून बॉक्सपर्यंत एकच नवी वायर घे, चांगल्या जाळीची, आरजी सिक्स म्हणून माग. वरच्या टोकाले एलएनबीच्या खाली वायरीचा एक झोका सोड, खाली लोंबता, म्हणजे पाणी त्या झोक्याच्या तळाशी गळून पडते, कनेक्टरकडं चढत नाही. भिंतीच्या भोकाजवळ पण तसाच झोका, नाही तं पाणी वायर धरून सरळ बॉक्समध्ये येते. आणि कनेक्टरवर काळी टेप नको, ताणली की स्वतःलेच चिकटते ती रबरी टेप भेटते, खालून वर गुंडाळत जा, घरावरच्या कवेलूसारखी, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येते.

---

सून_अकोल्याची

सगळे चॅनेल आले गावी. मामंजींनी सेटिंगचा फोटो काढून फ्रेम करायचाच बाकी ठेवलाय. काका, तो झोका आमच्याकडे पण नाही, वायर सरळ वरून खाली बॉक्समध्ये येते. दिवाळीत गेले की करते.

---

लाइनवाला_हिंगणघाट

आमचं अजून बंदच आहे. शेजाऱ्याले विचारलं, त्याचं पण बंद आहे. म्हणजे काका बरोबर.

---

धुऱ्यावरचा_बाभूळ

अपडेट. काल पंचवीस मीटर नवी वायर टाकली, जोड नाही, दोन्हीकडं झोका, रबरी टेप खालून वर. दुपारी ११०९० वर ८१/७२, ११६३० वर ७८/६५. रात्री साडेनऊले ८१/७१ आणि ७८/६४. दोन्ही आकडे बॉक्सच्या मागं कागदावर लिहून चिकटवले.

एवढं होऊनही एक गोष्ट राह्यलीच. सकाळी शेजारच्या बोअरची मोटार सुरू झाली की दोन-तीन सेकंद चित्र अटकते आणि परत येते. क्वालिटी तेवढ्यापुरती पडते, स्ट्रेंथ तशीच राहते.

---

वानरसेना_वर्धा

व्होल्टेज पडत असेल. बॉक्सचा अॅडाप्टर कमजोर झाला असेल, आमच्याकडचा तसाच झालता.

---

तारवाला_काका

असू शकते. मोटार सुरू होताना टीव्हीच्या चित्राचा उजेड पण कमी होते का, का फक्त अटकते? दुसऱ्याचा अॅडाप्टर लावून पाह्य, पण त्याच्यावर लिहिलेले व्होल्ट आणि पिनची बाजू जुळली तंच लाव. तोपर्यंत छत्रीले कोणी हात लावायचा नाही, आबांले पण सांगून ठेव.

---

धुऱ्यावरचा_बाभूळ

आबा म्हणतात मोटारीवाल्यालेच बदलव. उद्या पाहतो अॅडाप्टर.